ठराव झाला, पाणी का नाही?

आमच्या गावाचे नाव पूर्वी एदलाबाद होते. मुक्ताईच्या समाधिस्थानामुळे पुढे सरकारने ते मुक्ताईनगर केले. तहसील कचेरीवरची पाटी बदलली, सातबाऱ्यावरचे नाव बदलले, दाखल्यांवरचे शिक्के बदलले. तरी म्हातारी माणसे अजूनही एदलाबादच म्हणतात. एकदा वर्गात मी विचारले, "मग नाव बदलले की नाही बदलले?" एक मुलगा म्हणाला, "बदललं सर. लोकांची जीभ बदलली नाही, ही गोष्ट वेगळी." त्या उत्तराचे मला कौतुक वाटले. सरकारने नाव दिले ही एक कृती होती आणि ती पुरी झाली होती. ते नाव लोकांच्या तोंडी बसणे हा त्या कृतीचा परिणाम, आणि तो झाला काय किंवा न झाला काय, कृतीला बाध येत नाही.

पण त्याच मुलाने पुढच्या आठवड्यात मला अडवले. मी महाडच्या सत्याग्रहाविषयी बोलत होतो. तो म्हणाला, "सर, नगरपालिकेनं १९२४ सालीच तळं खुलं केल्याचा ठराव केला होता ना? मग १९२७ पर्यंत कुणी पाणी का प्यालं नाही? तो ठराव झाला होता की झालाच नव्हता?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना. आपल्या चळवळीचा इतिहास ठरावांनी, घोषणांनी आणि आश्वासनांनी भरलेला आहे. त्यांतले कोणते खरोखर घडले, कोणते घडलेच नाहीत, आणि कोणते घडूनही पोकळ राहिले, हे वेगळे करायची सवय आपण लावून घेतलेली नाही. 'फसवणूक झाली' असे एकदा म्हटले की आपला विचार तिथेच थांबतो. ही सवय लावायला उपयोगी पडेल असे एक साधन इंग्लंडातल्या ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने दिले आहे. त्याने १९५५ साली अमेरिकेत हार्वर्डला याविषयी व्याख्याने दिली. १९६० साली तो वारला आणि १९६२ साली ती व्याख्याने पुस्तकरूपाने आली. त्याचे म्हणणे आधी थोडक्यात मांडतो आणि मग महाडकडे वळतो.

१

'तळ्यात पाणी आहे' हे वाक्य खरे असेल किंवा खोटे असेल. तळ्यावर जाऊन बघितले की निकाल लागतो. पण 'मी शपथ घेतो', 'मी राजीनामा देतो', 'ही सभा असा ठराव करते की' ही वाक्ये खरी किंवा खोटी नसतात. ती उच्चारणे म्हणजेच ती गोष्ट करणे. शपथ आधी मनात कुठे तरी घेतलेली असते आणि वाक्य तिची बातमी देते, असे नव्हे. ते वाक्य हीच शपथ. अशा बोलण्याला आपण कृतिवचन म्हणू. कृतिवचन खोटे ठरत नाही, ते फसते. आणि ते कशाने फसते, हाच ऑस्टिनचा खरा विषय आहे.

कृतिवचन साधायला तो तीन जोड्यांच्या अटी सांगतो. पहिली जोडी अशी : ज्या रीतीने ती कृती करायची ती रीत समाजात मान्य असली पाहिजे, आणि बोलणारा माणूस व प्रसंग त्या रीतीला योग्य असले पाहिजेत. जहाजाला नाव द्यायचा समारंभ आहे, नाव देणारा नेमलेला आहे, आणि भलताच कोणी पुढे होऊन बाटली फोडून वेगळेच नाव पुकारतो. त्याने जहाजाला नाव दिले असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याला तो अधिकार नव्हता. दुसरी जोडी : ती रीत अचूक पाळली पाहिजे, आणि पुरी पाळली पाहिजे. 'मी पैज लावतो' म्हटले आणि समोरच्याने 'लागली' म्हटलेच नाही, तर पैज झाली नाही. या चारांपैकी एकही अट चुकली तर कृती घडतच नाही. शब्द तोंडातून बाहेर पडतात, पण बार फुसका जातो.

तिसरी जोडी निराळ्या जातीची आहे. बोलणाऱ्याच्या मनात तसा हेतू असला पाहिजे, आणि पुढे त्याने त्याप्रमाणे वागले पाहिजे. ही अट मोडली तर मात्र कृती रद्द होत नाही. पैसे परत द्यायचे नाहीत असे मनाशी ठरवून कोणी 'महिन्याभरात देतो' म्हणाला, तर वचन दिले गेलेच. त्याने वचनाचा गैरवापर केला एवढेच. म्हणून तर आपण त्याला 'तू वचन मोडलेस' असे म्हणू शकतो. जे दिलेच नाही ते मोडता येत नाही.

ऑस्टिनच्या साऱ्या विवेचनात आपल्याला सर्वांत उपयोगी भेद हाच आहे. एकीकडे फुसका बार, म्हणजे कृती घडलीच नाही. दुसरीकडे पोकळ शब्द, म्हणजे कृती घडली पण बोलणारा बेइमान निघाला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे आपला हात रिकामाच राहतो. पण पहिल्या बाबतीत आपल्याजवळ काही नसते, आणि दुसऱ्या बाबतीत आपल्याजवळ एक हक्क असतो, जो कोणी तरी दाबून धरलेला असतो.

२

आता महाड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. पण हा ठराव म्हणजे शिफारस होती. त्याने एकही विहीर खुली झाली नाही, कारण खुली करणे हे त्या वचनाचे कामच नव्हते. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्यास कळवले. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र ही शिफारस स्वीकारण्याचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी द्यावा, एवढेच सांगितले. हुकूम, शिफारस आणि सल्ला ही तीन वेगळी कृतिवचने आहेत. सल्ला न मानणाऱ्याने काही मोडले असे होत नाही. ज्याला आपण 'सरकारने पाणवठे खुले केले' असे म्हणतो, ते नगरपालिकांच्या दाराशी येईपर्यंत सल्ला होऊन बसले होते. कागदाचा प्रवास वाचताना क्रियापद कुठे बदलले हे पाहावे. बहुधा आपला घात तिथेच झालेला असतो.

५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव केला. अस्पृश्यांना चवदार तळे वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता. हा मात्र सल्ला नव्हता. ज्या संस्थेच्या ताब्यात तळे होते तिनेच हे म्हटले होते. आणि तरीही तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस तळ्यावर गेला नाही. भोवतालच्या स्पृश्य वस्तीची दहशतच तशी होती. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आता नेमका विचारता येतो. १९२४ चा ठराव फुसका होता की पोकळ? अटी एकेक करून लावून पाहू. नगरपालिकेने ठराव करून आपल्या मालमत्तेविषयी निर्णय घ्यावा ही रीत मान्य होती. प्रसंग योग्य होता. ठराव पुरा झाला होता, अर्धवट राहिलेला नव्हता. तो कोणी पाळला नाही, पण पाळणे न पाळणे ही तिसऱ्या जोडीची गोष्ट झाली. तेव्हा ठराव घडला होता आणि नगरपालिका त्याला जागली नाही, असेच म्हणावे लागते.

याचा परिणाम मोठा आहे. ठराव फुसका मानला तर २० मार्चला तळ्यावर गेलेले लोक परक्याच्या जागेत घुसले असे होते. पोकळ मानला तर ते आपला हक्क बजावायला गेले असे होते, आणि त्यांना मारणारे लोक हक्काच्या आड आले असे होते. एकाच घटनेची ही दोन वर्णने आहेत. कोणते बरोबर, हे ठरावाच्या जातीवर अवलंबून आहे.

यावर कोणी म्हणेल, ही तर तुमची सोयीची मांडणी झाली. पण पुरावा खुद्द महाड नगरपालिकेनेच दिला आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, तिने १९२४ चा ठराव रद्द केला. आता विचार करा. जे घडलेच नाही ते रद्द कसे करणार? लग्न लागलेच नसेल तर काडीमोड लागत नाही. रद्द करणे हे स्वतःच एक कृतिवचन आहे, आणि आधीची कृती वैध होती ही त्याची पहिली अट आहे. ठराव रद्द करून नगरपालिकेने सांगून टाकले की ५ जानेवारी १९२४ ते ४ ऑगस्ट १९२७ या काळात तो ठराव जिवंत होता. २० मार्च १९२७ हा दिवस त्याच काळात येतो. पाणी प्यायलेल्यांच्या बाजूची ही साक्ष त्यांच्या विरोधकांनीच लिहून ठेवली आहे.

३

मिरवणूक गेल्यावर महाडच्या सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप यांचे १०८ घडे तळ्यात ओतले, मंत्र म्हटले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. रीत त्यांच्या दृष्टीने अचूक होती, पुरी होती, करणारे पुरोहित अधिकारी होते. मग कृती साधली का?

इथे पहिल्या अटीतला एक शब्द तपासावा लागतो. रीत 'मान्य' असली पाहिजे, पण कोणाला मान्य? ऑस्टिन द्वंद्वयुद्धाच्या आव्हानाचे उदाहरण देतो. एके काळी युरोपातल्या सरदाराने दुसऱ्याला आव्हान दिले की त्याला उभे राहणे भाग होते. आज तेच शब्द उच्चारले तर ऐकणारा खांदे उडवून निघून जाईल, कारण त्या रीतीचा कायदाच तो मानीत नाही. शब्द तेच, म्हणणाऱ्याची निष्ठा तीच, पण बार फुसका. रीत ही अशी समोरच्याच्या मान्यतेवर उभी असते.

विटाळाचेही तसेच आहे. 'तळे बाटले' हे वाक्य 'तळे आटले' यासारखे दिसते. जणू पाण्यात काही बदल झाला आहे आणि कोणी जाऊन तो पाहून आला आहे. प्रत्यक्षात ते वर्णन नाही. ते कृतिवचन आहे. काही माणसांनी काही माणसांना दिलेला तो निकाल आहे. २० मार्चच्या आदल्या दिवशीचे पाणी आणि दुसऱ्या दिवशीचे पाणी यांत फरक नव्हता. फरक जाहीर करण्यात आला होता. जातिव्यवस्थेचे सर्वांत मोठे यश हे की तिने आपली कृतिवचने वर्णनाच्या वेषात समाजात फिरवली. वर्णनाला विरोध कसा करणार? माणूस आपला डोळाच चुकतो आहे असे मानतो. माझी आजी दुसऱ्याच्या माठापासून चार हात दूर बसायची ती कोणी हुकूम दिला म्हणून नव्हे. 'आपण शिवलो की बाटतं' ही तिला उन्हात ताप येतो तशी निसर्गातली गोष्ट वाटे.

महाडला लोकांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा त्या निकालाची मान्यता काढून घेतली. घडे ओतणाऱ्यांची शुद्धी त्यांच्यापुरती साधली असेल. पण ती साधण्यासाठी आम्ही मान खाली घालून 'होय, बाटले' म्हणणे आवश्यक होते, आणि ते म्हणायला आता कोणी तयार नव्हते.

इथे ऑस्टिनच्या विचाराची मर्यादाही ध्यानात येते. त्याचा खांदे उडवणारा माणूस सुखाने घरी जातो. महाडला खांदे उडवणाऱ्यांची डोकी फुटली. रीत नाकारली की तिच्यामागचे बळ उघडे पडते, आणि त्या बळाचा हिशेब त्याच्या पुस्तकात नाही. तो आपल्यालाच मांडावा लागतो.

४

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. १४ डिसेंबरला महाडच्या कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. हा हुकूमही कृतिवचनच, आणि तो अधिकारी व्यक्तीने योग्य रीतीने दिलेला होता. बाबासाहेबांनी तो फुसका मानला नाही. तळ्यावर जाणे थांबवले आणि दावा लढवला. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झाले ते याच परिषदेत. मनुस्मृतीचा निकाल जुमानायचा नाही आणि कोर्टाचा निकाल कोर्टातच उलटवायचा, हा भेद त्या एका आठवड्यात स्पष्ट दिसतो.

दावा नऊ वर्षांवर चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून आहे आणि म्हणून तिला कायद्याचे बळ आहे. ती रूढी तशी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि अपील फेटाळले गेले. या निकालाचा नेमका अर्थ असा : स्पृश्यांना अडवण्याचा हक्क कोर्टाने मान्य केला नाही.

या निकालाच्या उजेडात १९२४ च्या ठरावाचे शब्द पुन्हा वाचावेत. 'हरकत नाही.' ज्याला अडवण्याचा हक्क आहे त्याचीच 'हरकत नाही' ही परवानगी होते. अडवण्याचा हक्कच कोणाला नसेल तर ते शब्द देणगी राहत नाहीत. असलेल्या गोष्टीची ती कबुली होते. आणि देणगी काढून घेता येते, तशी कबुली काढून घेऊन वस्तुस्थिती बदलत नाही. म्हणून १९२७ च्या रद्द करण्याने तळे पुन्हा बंद झाले असे म्हणता येत नाही. ठराव रद्द झाला, एवढेच.

५

याच्या शेजारी दुसरा ठराव ठेवून पाहिला की भेद पक्का होतो. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, आणि नाव काही लागले नाही. आपण त्याही वेळी म्हणालो, ठराव मोडला. पण विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले असते आणि त्याचे नाव त्या कायद्याच्या मजकुरात असते. सभागृहाचा ठराव सभागृहाचे मत सांगतो, कायद्यातला शब्द तो बदलत नाही. त्यासाठी वेगळी पायरी लागते, आणि ती पायरी घेतलीच गेली नव्हती. महाडचा ठराव पुरा होता आणि पाळला गेला नाही. नामांतराचा ठराव नाव देण्याच्या रीतीतली पहिलीच पायरी होती, रीत अपुरी राहिली. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला तेव्हा ती पुरी झाली, आणि तीही मूळ मागणीच्या शब्दांत नव्हे.

या दोन आजारांवरची औषधे वेगळी आहेत. अपुऱ्या रीतीसाठी पुढची पायरी मागावी लागते : दुरुस्ती, अधिसूचना, सही, नोंद. तिथे नुसते 'ठरावाची अंमलबजावणी करा' म्हणत राहिलो तर समोरचा मान डोलावतो आणि काळ जातो. उलट पुऱ्या झालेल्या पण न पाळलेल्या ठरावासाठी पुन्हा ठराव मागू नये. तो मागितला की पहिला झालाच नव्हता, असे आपणच कबूल करतो. तिथे महाडला केले तेच करावे. हक्क आहे असे धरून चालत जावे आणि तो बजावावा.

आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या सभेत स्मशानभूमीच्या, घरकुलाच्या जागेच्या, वस्तीपर्यंतच्या नळाच्या घोषणा होतात. सभा संपली की लोक विचारतात, "मास्तर, झालं का आपलं काम?" मी आता उलट विचारतो. बोलला तो कोण, त्याला तो अधिकार आहे का? नुसते बोलला की इतिवृत्तात लिहिले गेले? लिहिले असेल तर क्रियापद कोणते आहे : 'देण्यात येत आहे', 'देण्याची शिफारस', की 'विचार करण्यात यावा'? पुढची कोणती सही बाकी आहे?

त्या विद्यार्थ्याला मी अखेर एवढेच सांगितले. ठराव झाला होता. पाणीही होते. तीन वर्षे तळ्याच्या काठी उणीव होती ती ठरावाला खरा धरून पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसांची, आणि ते पाऊल टाकायला निघाले तेव्हा त्यांना कोणाची नवी परवानगी लागली नाही.